तुकड्या पाडताना मैत्री तोडू नका

शर्यतीत शेवटी आलेला पाच वर्षांचा मुलगाही ‘मीच सगळ्यात जोरात पळतो’ असे खुशाल सांगतो. तिसरीतला मुलगा तसे सांगत नाही. सात-आठ वर्षांच्या सुमारास मुले स्वतःला वर्गातल्या इतरांशी ताडून पाहू लागतात. ‘मला काही जमते का?’ हा या वयाचा मुख्य प्रश्न असतो, असे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मांडले.

समजा, तिसरीतली एक मुलगी अडखळत वाचते. वर्ग हसतो. पण मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीबरोबर तोच धडा वाचते. तिच्यासमोर चुकायची भीती नसते, म्हणून सराव होतो आणि वाचन सुधारते. चौथीत गुणांनुसार तुकड्या पडतात. मैत्रीण ‘अ’मध्ये, ही ‘ब’मध्ये. सराव थांबतो. वाचायची पाळी आली की हिचे पोट दुखते. घरचे तिला आळशी म्हणतात. खरी खूण तिच्या बोलण्यात असते. आधी ती ‘हा शब्द येत नाही’ म्हणायची, आता ‘मला वाचताच येत नाही’ म्हणते.

मैत्री शिक्षकाची जागा घेत नाही. अक्षरओळख कच्ची असेल तर ती शिकवावीच लागते. पण तुकड्या पाडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला ‘तुला कोणाशेजारी बसायचे आहे?’ एवढे विचारायला आणि त्यातले एक नाव तरी जपायला शाळेला पैसे लागत नाहीत. पुढच्या पालकसभेत ही मागणी आपणच करायला हवी.