गावाकडच्या ॲक्सिलरेटरचे नाव

सुरू असलेला धंदा ठरावीक मुदतीत, साधारण तीन ते सहा महिन्यांत, मोठा करण्यासाठी जो कार्यक्रम चालवतात, त्याला ॲक्सिलरेटर म्हणतात. त्यात उद्योजकांची एक तुकडी निवडली जाते, त्यांना हिशेब, पॅकिंग, विक्री आणि भांडवल यांबाबत मार्गदर्शन मिळते आणि शेवटी त्यांची गाठ खरेदीदारांशी किंवा गुंतवणूकदारांशी घालून दिली जाते. नुसत्या कल्पनेतून धंदा उभा करणे हे इन्क्युबेटरचे काम. ग्रामीण उद्योजकांसाठीच्या ॲक्सिलरेटरला नाव देताना पहिली चूक इथेच होते. अंकुर, बीज, उगम, आरंभ ही नावे गोड असली, तरी ती सुरुवात सुचवतात. मग ज्यांनी अजून एक पुडाही विकलेला नाही, अशांचे अर्ज येतात आणि पाच वर्षे मसाले विकणारी बाई ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजून पुढे जाते. आलेल्या अर्जांत विक्री सुरू असलेले किती, हे पाहिले की नाव बरोबर लोकांपर्यंत पोहोचले का, ते कळते.

दुसरी अडचण नावामागे जोडलेल्या शब्दाची. ‘योजना’ म्हटले की गावात पहिला प्रश्न येतो तो अनुदान किती, हा आणि दुसरा, सातबारा लागतो का, हा. कार्यक्रम अनुदान देणारा नसेल, तर हा शब्द टाळावा. ‘ग्रामीण’ हा शब्दही जपून वापरावा. उद्योजकाला आपला माल पुण्या-मुंबईच्या दुकानात मांडायचा असतो. कार्यक्रमाचे नाव पाकिटावर किंवा प्रमाणपत्रावर आले, तर त्याने मालाचा भाव कमी करू नये.

सरकारी नावांत दोन पद्धती दिसतात. ‘रफ्तार’ आणि ‘ॲस्पायर’ ही नावे लांबलचक इंग्रजी शीर्षकांची आद्याक्षरे जुळवून बनवली आहेत. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने मात्र ‘उमेद’ हा बोलीतलाच शब्द घेतला. बचत गटातल्या बायका अभियानाचे पूर्ण नाव क्वचितच घेतात, ‘उमेद’ सहज म्हणतात. लहान, आशा जागवणारे आणि फोड न करता समजणारे नाव कसे असते, ते इथे दिसते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. धाराशिव, लातूर आणि बीड या जिल्ह्यांतल्या खवा, चटणी, डाळ, शेळीपालन अशा व्यवसायांसाठी एका संस्थेला चार महिन्यांचा कार्यक्रम सुरू करायचा आहे आणि तिच्यापुढे चार नावे आहेत: भरारी, झेप, वाढ आणि बरकत. ‘भरारी’ ऐकताच अनेकांना परीक्षेत कॉपी पकडणारे किंवा दुकानांवर छापा घालणारे भरारी पथक आठवते. परवाना आणि तपासणीची धास्ती असलेल्या लघुउद्योजकाला हे नाव नकोसे वाटेल. ‘झेप’ नेमके आणि जोमदार आहे, पण रोमन लिपीत कोणी ते zep लिहितो, कोणी jhep, तर कोणी zhep. त्यामुळे मोबाइलवर शोधताना माणूस चुकतो. ‘वाढ’ हा शब्द सर्वांत सोपा, पण vadh असा टाइप केला की तो ‘वध’ असाही वाचला जातो, शिवाय बाजारात तो भाववाढीशी जोडलेला आहे. ‘बरकत’ रोमनमध्ये बहुधा एकाच प्रकारे लिहिला जातो आणि धंद्याला बरकत येवो, असे लोक मुळातच म्हणतात. त्यात वेग सुचत नाही आणि यश नशिबाने मिळाल्यासारखे वाटते, हे त्याचे उणे. पण ते खाली एका ओळीने भरून काढता येते: ‘सुरू असलेला धंदा चार महिन्यांत पुढे नेण्यासाठी’. मनात आधीच बसलेली भीती मात्र अशा ओळीने जात नाही. म्हणून या चारांत ‘बरकत’ सरस ठरते.

निवड पक्की करण्याआधी नाव ऐकवून पाहावे. गटातल्या बायका, किराणा दुकानदार, दूध संकलन करणारे तरुण अशा दहा-पंधरा जणांना फोनवर फक्त नाव सांगावे आणि हे कशाचे, कोणासाठी, त्यातून काय मिळेल, असे विचारावे. मध्येच समजावून सांगण्याचा मोह आवरावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून नाव आठवते का, ते पाहावे.

शेवटची पायरी कायद्याची. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार सेवेचे निव्वळ वर्णन करणारे नाव सहसा नोंदवता येत नाही, तर कलम ११ नुसार आधीच्या नोंदणीशी गोंधळ होईल असे नाव नाकारले जाऊ शकते. म्हणजे ‘ग्रामीण उद्योग विकास’ सर्वांना समजेल, पण त्यावर हक्क सांगणे कठीण. ‘बरकत’ वर्णन करत नाही, सुचवते, तरी तो रूढ आणि स्तुतिपर शब्द असल्याने आक्षेप येऊ शकतो. त्यामुळे वर्ग ३५ (व्यवसाय साहाय्य) आणि वर्ग ४१ (प्रशिक्षण) यांतल्या नोंदी आधी तपासाव्यात. नाव अडले, तर त्याला दुसरा एखादा शब्द जोडावा आणि जोडनावाची वरची चाचणी पुन्हा घ्यावी. फलक आणि पत्रके त्यानंतरच छापावीत.