‘बरं बरं’ म्हणजे ऐकू आलं नाही

लातूरच्या मामांना नांदेडहून फोन लावला की मी आधी नुसतं ‘रामराम मामा’ म्हणतो आणि थांबतो. तेवढ्यात ते फोन डाव्या, बऱ्या कानाला नेतात. मग सावकाश, ‘सतीश बोलायलोय. नांदेडचा सतीश.’ म्हातारपणी बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, साध्या कॉलमध्येही तेच छाटले जातात. म्हणून स, श हरवतात आणि माझा ‘अती’ होतो. ओरडलं तर आवाज फाटतो, अक्षर सुटं होत नाही. दोनदा नाव सांगूनही नुसतं ‘बरं बरं’ आलं, की समजायचं, पोचलेलं नाही. मग नाव सोडून नातं सांगतो, ‘सुमनचा थोरला.’ ‘मग आधी सांगायचं की रे! पाऊस पडायलाय का तिकडं?’