यादी अंतराची, पाणी उंचीचे

मॉन्सूनपूर्व तयारीच्या बैठका सुरू झाल्या की किनारपट्टीच्या प्रत्येक तालुक्यात चक्रीवादळाच्या स्थलांतर यादीची फाइल वर येते. यंदा या एका यादीबद्दल आमच्याकडे जितकी पत्रे आली, तितकी दुसऱ्या कोणत्याही विषयावर आलेली नाहीत. लिहिणारे बहुतेक तलाठी, ग्रामसेवक आणि खारभूमीचे कनिष्ठ अभियंते आहेत. तक्रारही एकच आहे. वरून आलेल्या पत्रकात ‘भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आतील सर्व कुटुंबे’ अशी व्याख्या देऊन त्यानुसार यादी तातडीने सादर करण्यास सांगितले आहे.

एका वाचकाने पत्रासोबत आपल्या सज्जाचा नकाशा जोडला आहे. समुद्रापासून साडेतीनशे मीटरवरची एक वाडी त्यात लाल रंगाने रंगवली आहे. ही वाडी सड्यावर आहे, पाण्यापासून जवळजवळ साठ मीटर उंच. तिथली सगळी घरे यादीत आहेत. त्याच नकाशात खाडीने सहा किलोमीटर आत गेले की खारबंदिस्तीच्या आतली एक वस्ती लागते. उधाणाच्या भरतीला उघाडीच्या फटीतून पाणी येऊन तिच्या पाणंदीत साचते. या वस्तीतले एकही घर यादीत नाही. वाचकाने तोंडी विचारले, तर उत्तर मिळाले की निकष राज्यभर सारखाच हवा.

५०० मीटर हा आकडा सीआरझेडमधून उचललेला आहे. ती रेषा बांधकामावर नियंत्रण ठेवण्यासाठी आहे आणि खाडीकाठी ती आणखी अरुंद होते. तिचा स्टॉर्म सर्जशी काही संबंध नाही. समुद्राचे पाणी अंतर पाहून थांबत नाही, उंची पाहून थांबते. बाणकोटची खाडी महाडच्या दिशेने किती आत शिरते आणि वाशिष्ठीची भरती गोवळकोटपर्यंत कशी पोहोचते, हे कोकणात नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरीही याद्या फूटपट्टीने बनतात.

याची किंमत माणसांनी मोजावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रातील एडवर्ड रॅपापोर्ट यांनी १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत त्या देशात अटलांटिक वादळांनी थेट घेतलेले बळी तपासले. जवळपास निम्मे बळी सर्जचे होते, पाऊस आणि पुराचे पाव भागाहून थोडे अधिक, आणि वाऱ्याचे दहा टक्क्यांच्याही आत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ९ जून १९९८ ला कांडल्यात जे घडले ते याच जातीचे होते. सरकारी आकड्यानुसारच हजारावर माणसे गेली, आणि त्यांत मिठागरांत काम करणारे व बंदराजवळच्या सखल जागेत झोपड्या करून राहणारे मजूर फार मोठ्या संख्येने होते.

वारा माणसे एकेक करून मारतो. कुठे माड पडतो, कुठे पत्रा उडतो, कुठे भिंत कोसळते. छप्पर गेलेल्या घरातही कोपऱ्यात बसून माणूस वाचू शकतो. पाणी मात्र सखल वस्तीतल्या प्रत्येक घरात त्याच तासाभरात शिरते. एक घनमीटर समुद्राचे पाणी एक टनाहून जड असते, त्यामुळे वाहते पाणी कमरेपर्यंतही यावे लागत नाही, त्याआधीच माणसाचे पाय उचलले जातात. त्यात सर्जची उंची साधारण तेव्हाच गाठली जाते जेव्हा वाराही शिखरावर असतो. घरात पाणी चढते आहे आणि दाराबाहेर उभेही राहता येत नाही, अशी ती वेळ असते. म्हणूनच सर्जमध्ये बचावकार्य जवळपास नसतेच. जे वाचवायचे ते आधीच्या दिवशी.

आता पत्रांतल्या दुसऱ्या तक्रारीकडे वळू, कारण ती अधिक गंभीर आहे. काही तालुक्यांत उंचीवर आधारित याद्या करण्याचा प्रयत्न झाला, आणि तो पातळीच्या शून्यापाशी अडकला. भरतीचे कोष्टक चार्ट डेटमपासून मोजलेले असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून असते. मुंबई महापालिकेची टाउन हॉल डेटम तिसरीच. तिन्ही आकडे ‘मीटर’ म्हणून एकाच तक्त्यात भरले जातात, आणि तक्ता मंजूर होतो.

अपोलो बंदराचे आकडे घेऊन हे पाहू. तिथे सरासरी समुद्रसपाटी चार्ट डेटमच्या २.५१ मीटर वर आहे. उधाणाच्या भरतीची सरासरी ४.४२ मीटर, तर भांगाच्या ओहोटीची १.८६ मीटर. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये सर्ज खगोलीय भरतीच्या वर किती, ते दिलेले असते. समजा तो दोन मीटर आहे. उधाणाच्या भरतीला तो आला तर पाणी ६.४२ मीटरवर जाईल, म्हणजे समुद्रसपाटीपासून ३.९१ मीटर. तोच सर्ज भांगाच्या ओहोटीला आला तर पाणी समुद्रसपाटीपासून १.३५ मीटरवर थांबेल, आणि ते उधाणाच्या रोजच्या भरतीपेक्षाही खाली आहे. दोन्ही वेळा सर्ज तेवढाच, पण एकदा गावात कोणाच्या ओट्यालाही पाणी लागणार नाही आणि एकदा शेजघरात शिरेल.

आता ज्या घराची जोत्याची उंची नकाशावर ३ मीटर आहे ते घ्या. एका कार्यालयात हिशेब असा झाला की सर्ज दोन मीटर, घर तीन मीटर, म्हणजे घर सुरक्षित. प्रत्यक्षात उधाणाच्या भरतीला त्या घरात ९० सेंटिमीटर पाणी असेल, आणि त्यावर लाटा वेगळ्या. दुसऱ्या कार्यालयात ४.४ आणि २ यांची बेरीज ६.४ करून ती थेट नकाशाच्या उंचीशी ताडली. त्यामुळे अडीच मीटर जास्तीची सगळी बाजारपेठ यादीत आली. हीसुद्धा कमी घातक चूक नाही. विनाकारण हलवलेली माणसे परत येऊन कोरडे घर पाहतात आणि पुढच्या वेळी उठत नाहीत.

‘निसर्गच्या वेळी आमची यादी बरोबर ठरली’ असे काही अधिकारी लिहितात. त्यांनी ३ जून २०२० ची दुपार पुन्हा पाहावी. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. पण वादळाचे केंद्र श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागले ते दुपारी, सकाळची भरती ओसरत असताना. तीन तास आधी लागले असते तर पाणी मीटरभर तरी वर असते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे. केंद्र मुंबईच्या दक्षिणेला लागल्याने मुंबईचे पाणी वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटले गेले नाही. केंद्र शंभर किलोमीटर वर सरकले असते, तर चित्र उलटे असते. चोवीस तास आधीच्या अंदाजात मार्ग साठ-सत्तर किलोमीटर इकडेतिकडे होणे ही आजही नेहमीची गोष्ट आहे. एका वादळात पाणी आले नाही यावरून कोणतीही यादी बरोबर ठरत नाही.

म्हणूनच स्थलांतराचे क्षेत्र एका वादळावरून आखत नाहीत. प्रारूपावर शेकडो काल्पनिक वादळे चालवतात. त्यांची तीव्रता, आकार, पुढे सरकण्याचा वेग, किनाऱ्याशी होणारा कोन आणि किनाऱ्याला लागण्याची जागा बदलत नेतात, आणि सगळी भरतीच्या पातळीवर. मग नकाशावरच्या प्रत्येक चौकोनात कोणत्याही वादळाने आणलेले सर्वांत उंच पाणी घेतात आणि त्यातून जमिनीची उंची वजा करतात. आपल्याकडे आयआयटी दिल्लीत प्रा. एस. के. दुबे यांच्या गटाने उभे केलेले प्रारूप आहे, हैदराबादचे इन्कॉइस अ‍ॅडसर्क वापरते. म्हणजे गणित करणारे देशात आहेत. अडचण वजा करायच्या आकड्यात आहे.

जमिनीची उंची अनेक ठिकाणी २००० साली अवकाशातून घेतलेल्या एसआरटीएम माहितीवरून घेतली जाते. रडारची ती मोजणी झाडी असेल तिथे जमिनीपर्यंत पुरती पोहोचत नाही. माड-पोफळींच्या दाट आगरात ती जमीन कित्येक मीटर उंच दाखवते. कोकणातली सर्वांत सखल वस्ती नेमकी या आगरांत आहे. वाडीच्या वाडी कागदावर कोरडी राहते. हे ओळखायला सोपे आहे. प्रारूपातली उंची आणि उधाणाच्या भरतीला पाणंदीत येणारे पाणी यांचा मेळ बसत नसेल, तर पाणी खरे धरा आणि नकाशा चुकीचा.

रेषा मिळाल्यावर ती जशीच्या तशी जाहीर करूनही चालत नाही. पाण्याची रेषा घराच्या मधून, आगराच्या कोपऱ्यातून जाते. लोकांना आपण रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत हे अंधारातही कळले पाहिजे, म्हणून ती जमिनीकडे सरकवून रस्ता, गडगा, मंदिर किंवा शाळा अशा सर्वांना ठाऊक असलेल्या खुणेवर आणतात. मग बाहेर पडायचा रस्ता तपासतात. घर उंचावर असले तरी मोरी आधी बुडत असेल, तर ती वस्ती पहिल्या क्षेत्रातच धरावी लागते. निवाराही तपासावा लागतो. २०१३ च्या हैयान वादळात फिलिपाइन्सच्या टॅक्लोबानमध्ये निवारा म्हणून वापरलेल्या इमारतींतच पाणी शिरले आणि तिथे आलेली माणसे गेली. आपल्या किती याद्यांत बंदराजवळची जिल्हा परिषद शाळा निवारा म्हणून लिहिली आहे, ते एकदा पाहा.

आणि वेळ. ती केंद्र किनाऱ्याला लागण्यापासून नव्हे, वादळी वारे सुरू होण्यापासून उलटी मोजायची. केंद्र दुपारी दोनला लागणार असेल तर वारे सकाळी आठलाच रस्ता बंद करू शकतात. वस्ती हलवायला पाच तास लागत असतील तर काम पहाटे तीनला सुरू व्हायला हवे, आणि पहाटे तीनला म्हातारी माणसे, गुरे, आजारी कोणी हलवू शकत नाही. म्हणजे आदेश आदल्या दिवशी दुपारपर्यंत निघायला हवा. ‘परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा’ असे जे पत्रकात लिहिले आहे, ते लिहिणाऱ्याने हा हिशेब केलेला नाही.

सुधारित पत्रकाची वाट पाहू नका. सज्जात येत्या उधाणाच्या भरतीला पोलीस पाटील आणि कोतवालाला घेऊन खाडीकाठी उभे राहा. पाणी जिथे थांबते तिथे खांबावर रंगाची खूण करा. खारभूमी किंवा बांधकाम विभागाची लेव्हल आणि जवळचा बेंचमार्क घेऊन ती खूण समुद्रसपाटीशी जोडा, आणि तिच्या वर दोन मीटरपर्यंत ज्यांची जोती येतात ती घरे नावानिशी लिहा. बाहेरकाठा कुठे खचला आहे आणि कोणती उघाडी नीट बसत नाही, तेही त्याच कागदावर लिहा. ५०० मीटरची यादी मागितली आहे ती द्या, पण तिच्यासोबत ही दुसरी यादी सहीनिशी जोडा आणि पोच घ्या. एक प्रत आमच्याकडे पाठवा. मेअखेरपर्यंत आलेल्या प्रत्येक सज्जाची पाणरेषा आम्ही जूनच्या अंकात छापू.