नोटबुक तपासताना मजकुरालाही गुण द्या

डेटा सायन्सचा प्रकल्प तपासताना बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी पाहिल्या जातात: कोड चालतो का आणि ॲक्युरसी किती आली. कोडच्या मध्ये लिहिलेल्या मजकुराकडे फारसं कुणी पाहत नाही. तो का वाचायला हवा, हे विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या वापरातल्या पिमा मधुमेह डेटावरून दिसतं. त्यात ७६८ स्त्रियांच्या नोंदी आहेत आणि त्यांपैकी २६८ जणींना मधुमेह आहे.

१. निर्णयामागचं कारण लिहिलेलं असावं. या डेटात इन्सुलिनच्या रकान्यात ३७४ नोंदी शून्य आहेत. ते मोजमाप नव्हे, मोजणी न झाल्याची खूण आहे. अनेक जण या जागी मध्यक भरतात. पण शून्यं धरून मध्यक काढला तर तो ३०.५ येतो आणि ती वगळून काढला तर १२५. दोन्ही कोड बिनचूक चालतात. म्हणून ‘रिकाम्या जागा भरल्या’ एवढ्या वाक्याला गुण नकोत. शून्य म्हणजे काय मानलं, मध्यक कशावरून काढला आणि जवळपास निम्मा रकाना रिकामा असताना तो ठेवला तरी का, हे विद्यार्थ्याने सांगायला हवं.

२. मापाची निवड प्रश्नाला धरून असावी. समजा, चाचणीसाठी १५४ जणी बाजूला ठेवल्या आणि त्यांत ५४ मधुमेही आहेत. मॉडेलने त्यांतल्या ३२ ओळखल्या, २२ सोडल्या आणि निरोगी १०० पैकी १४ जणींना चुकून मधुमेही ठरवलं. ॲक्युरसी सुमारे ७७ टक्के भरते. पण सगळ्यांनाच ‘निरोगी’ म्हटलं तरी ती ६५ टक्के येते! खऱ्या रुग्णांपैकी किती सापडल्या, म्हणजे रिकॉल, फक्त ५९ टक्के आहे. रुग्ण सुटणं जास्त घातक असेल, तर हाच आकडा आधी यायला हवा आणि तो आधी का दिला, हेही लिहायला हवं.

३. मर्यादा नेमकी असावी. ‘डेटा कमी आहे’ हे वाक्य कुठल्याही प्रकल्पाला चिकटवता येतं. इथली खरी मर्यादा अशी की या सगळ्या ॲरिझोनातल्या पिमा समाजाच्या, किमान २१ वर्षांच्या स्त्रिया आहेत आणि या समाजात मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. त्यामुळे हे मॉडेल पुरुषांना किंवा महाराष्ट्रातल्या आरोग्य शिबिरात जसंच्या तसं लावता येणार नाही. मर्यादेमुळे निष्कर्ष कुठे लागू होत नाही, हे सांगितलं तरच पूर्ण गुण द्यावेत.

४. तपासणी सोपी आहे. आधी कोड न पाहता फक्त मजकूर वाचावा आणि वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळतात का, ते पाहावं. मग नोटबुक पहिल्यापासून पुन्हा चालवून मजकुरातले आकडे निकालाशी जुळवावेत. जुळले नाहीत, तर कोड बदलला आणि मजकूर जुनाच राहिला असावा, हे लगेच लक्षात येतं.

माझी मागणी एवढीच आहे: कारण, माप आणि मर्यादा यांचे गुण गुणपत्रिकेत वेगळे दाखवा आणि ते ॲक्युरसीच्या आकड्यावर अवलंबून ठेवू नका. ७२ टक्क्यांचं मॉडेल कुठे चुकतं हे नीट सांगणारा विद्यार्थी, ७७ टक्के मिळवून गप्प बसणाऱ्यापेक्षा जास्त गुणांना पात्र आहे.