नाव झाकले, तरी रुग्ण ओळखू येतो

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आणि तंत्रज्ञही येतात. तेव्हापासून अनेक जणी भाषेच्या वर्गासोबत आपले प्रोफाइलही नव्याने लिहीत आहेत. अनुभव ठळक दिसावा म्हणून त्यात एखादी अवघड केस घातली जाते, रुग्णाचे नाव मात्र काळजीपूर्वक वगळले जाते. एवढ्याने गोपनीयता राखली गेली, असा समज असतो. तो खरा नाही.

समजा, एका जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष काळजी कक्षातल्या, म्हणजे एसएनसीयूतल्या परिचारिकेने लिहिले : ‘फेब्रुवारी २०२५ मध्ये वीटभट्टीवर काम करणाऱ्या १६ वर्षांच्या मातेच्या ७८० ग्रॅमच्या जुळ्यांची ६२ दिवस शुश्रूषा केली.’ नाव कुठेही नाही. पण याच प्रोफाइलच्या वरच्या भागात रुग्णालयाचे नाव, कक्ष आणि नोकरीचा काळ लिहिलेला आहे. प्रोफाइल म्हटले की ते लिहावेच लागते. म्हणजे ठिकाण आणि वेळ वाचकाला आधीच मिळालेली असते. त्यात जुळी, वजन आणि वीटभट्टी आली की त्या भागातल्या माणसाला मुलगी कोण हे सांगावे लागत नाही.

इथे प्रश्न निव्वळ संकोचाचा नाही. १६ वर्षांची माता ही कायद्याच्या दृष्टीने लैंगिक अत्याचाराची पीडिता असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार अशा पीडितेचे नावच नव्हे, तर ओळख पटू शकेल असा कोणताही मजकूर प्रसिद्ध करणे गुन्हा आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. जर्मनीतही दंड संहितेचे कलम २०३ रुग्णाचे गुपित फोडणाऱ्या परिचारिकेला लागू होते. तिथली अनुभवी मेट्रन असे वाक्य वाचून प्रभावित होण्याऐवजी सावध होईल, हे वेगळेच.

मुळात नोकरी देणाऱ्याला त्या बाळांची गोष्ट नको असते. ही बाई एका पाळीत किती आणि कसे काम पेलते, हे त्याला कळायला हवे असते. तेच वाक्य असे होऊ शकते : ‘१६ खाटांच्या एसएनसीयूत ४ वर्षे, पाळीत सरासरी ५ बाळांची जबाबदारी, एक किलोहून कमी वजनाच्या बाळांची शुश्रूषा, सीपॅप, नळीने दूध देणे, कांगारू मातृसेवा.’ यातला प्रत्येक आकडा परिचारिकेच्या कामाचा आहे, रुग्णाचा एकही नाही. जागा वृद्धसेवेची असेल तर सीपॅप खाली जाईल आणि जंतुसंसर्ग रोखणे, औषधांच्या मात्रेचा हिशेब, पाळी बदलताना दिलेली माहिती हे वर येईल. जागेनुसार प्रोफाइल बदलायचे ते असे, कौशल्यांचा क्रम बदलून. नवी केस जोडून नव्हे.

दुर्मीळ गोष्टींत मात्र आकडाही दगा देतो. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने ‘मे महिन्यात प्रसूतीच्या रुग्णासाठी बॉम्बे रक्तगटाच्या दोन पिशव्या मिळवल्या’ असे लिहिले, तर तो रुग्ण एकच असणार. १९५२ मध्ये मुंबईत प्रथम नोंदला गेलेला हा गट भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. शिवाय अशा पिशव्यांसाठी बहुधा व्हॉट्सॲपवर आवाहन फिरलेले असते, म्हणजे नावही गावभर झालेले असते. तिथे ‘दुर्मीळ रक्तगटांची तपासणी आणि क्रॉसमॅचिंग’ एवढेच पुरे. महिना नको, ‘एक रुग्ण’ असा आकडाही नको. काम संपूर्ण कार्यकाळाचे म्हणून सांगावे.

लिहिलेले तपासायचे कसे? सहकाऱ्याला दाखवून उपयोग नाही, त्याला केस माहीतच असते. रुग्णाच्या गावातला दुकानदार हे वाचून ‘अरे, ही तर अमक्याची’ म्हणेल का, हे पाहावे. म्हणेल अशी शंका आली, तर ठिकाण आणि काळ झाकता येत नसल्यामुळे केसच काढावी लागते.

रुग्णाची परवानगी घेतली होती, हे उत्तर नेहमी दिले जाते. पण खाटेवर पडलेली बाई इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरला नाही म्हणत नाही. पुढे तिचे मन बदलले, तरी तोवर स्क्रीनशॉट कुठे कुठे गेलेला असतो. कक्षातल्या सेल्फीचेही तसेच. चेहरा धूसर केलेला असतो आणि मागच्या फळ्यावर खाट क्रमांकासमोर नाव व निदान स्वच्छ वाचता येते.