दलालाच्या खात्यातील जमा आणि हातात येणारा पैसा

आमच्या व्यापारी बांधवांना जमा-नावे शिकवायला नको. सुरतेच्या आडत्याचा उतारा आला की पाच मिनिटांत फरक काढून दाखवतील. पण शेअर दलालाचा उतारा आला की तेच लोक मोबाइलवर शेवटची रक्कम पाहून खूश किंवा नाखूश होतात. बाकी ओळी वाचतच नाहीत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. या उताऱ्याची इंग्रजी आम्हालाही सुरुवातीला जड गेली. पण हिसाब तो हिसाबच.

प्रताप नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका कापड दुकानदार भाईंची गोष्ट सांगतो. त्यांनी मंगळवार, 18 फेब्रुवारी 2025 रोजी एका कंपनीचे 200 शेअर 500 रुपये भावाने विकले. रात्री खात्यात 99,306 रुपये जमा दिसले. भाईंनी त्याच भरवशावर सुरतेच्या व्यापाऱ्याला 20 तारखेचा चेक देऊन टाकला. चेक परत आला.

दलालाने पैसे दाबले, असे भाईंना वाटले. आम्ही उतारा मागवला. त्यात तारखेचे दोन रकाने असतात. एक सौद्याची तारीख, दुसरी सेटलमेंटची. जमेची ओळ 18 तारखेला पडली होती, पण सेटलमेंटच्या रकान्यात 20 होते. भारतात 27 जानेवारी 2023 पासून सर्व शेअरांचा निपटारा सौद्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात होतो. त्या हिशेबाने 19 तारीख यायला हवी होती. पण 19 फेब्रुवारी म्हणजे शिवजयंती. त्या दिवशी बाजार चालू होता, बँका मात्र बंद होत्या, म्हणून निपटारा एक दिवस पुढे गेला. 20 तारखेच्या संध्याकाळी रक्कम काढण्याजोगी झाली आणि भाईंच्या बँकेत 21 ला पोहोचली. 1990 च्या दशकात कागदी शेअर विकून आठवडा-आठवडा वाट पाहणाऱ्यांना हे काहीच नाही. पण ज्याने चेक फाडून दिला आहे त्याला एक दिवसही पुष्कळ होतो. म्हणून खात्यातील जमा आणि काढता येणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी समजाव्यात. शुक्रवारी विकले तर सोमवार धरावा, आणि मध्ये सुट्टी आहे का ते दलालाला विचारावे.

आता लाखाचे 99,306 कसे झाले? भाईंची दलाली शेकडा अर्धा टक्का, म्हणजे 500 रुपये. सरकारचा व्यवहार कर एक हजाराला एक रुपया, म्हणजे 100. एक्स्चेंज आणि सेबीचा आकार मिळून सुमारे 3 रुपये. दलाली आणि या आकारावर 18 टक्के जीएसटी, सुमारे 91 रुपये. स्टॅम्प ड्युटी विकणाऱ्याला नाही, ती खरेदीदारावर. हे सर्व सौद्याच्या बिलात लिहिलेले असते आणि खात्यात निव्वळ रक्कम येते.

पण एक खर्च त्या बिलात बहुधा नसतो. डीमॅट खात्यातून शेअर बाहेर गेले की वेगळी ओळ पडते. भाईंच्या उताऱ्यात ती 15 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 17 रुपये 70 पैसे होती. हा आकार शेअरच्या संख्येवर नसतो. एका कंपनीचे शेअर एका दिवशी कितीही विका, एकदाच लागतो. हेच 200 शेअर चार दिवसांत पन्नास-पन्नास करून विकले असते तर चार वेळा लागला असता. गाठ एकदा उचलली की हमाली एकदाच, असे समजा.

आमची खरी तक्रार पुढच्या ओळीवर आहे. पैसे हातात आल्यावर भाईंनी ते सगळे काढले. मग सोमवारी, 24 तारखेला, दलालाने दिलेल्या मर्यादेवर 60,000 चे शेअर घेतले आणि पैसे शुक्रवारी भरले. देणे 25 तारखेचे होते. उताऱ्यात 'डीपीसी' नावाने 89 रुपये नावे पडले. वर्षाला 18 टक्के दराने दिवसाला सुमारे तीस रुपये, तीन दिवसांचे. मधली महाशिवरात्रीची सुट्टीही मोजली गेली. विलंब आकार म्हणा की काही म्हणा, हे व्याजच आहे. जे भाई दुकानासाठी बँकेचे कर्ज घेत नाहीत, त्यांनी नकळत सूद भरला. दलालांनी ही ओळ साध्या भाषेत 'व्याज' म्हणून लिहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तीन अक्षरांमागे ती का लपवावी?

भाईंनी आता दलालाला लेखी कळवले आहे की खात्यात पैसे नसतील तर खरेदीचा सौदा घेऊच नये. आणि दर शनिवारी दुकान बंद करण्यापूर्वी ते दलालाचा उतारा आपल्या वहीशी लावून पाहतात. त्यांच्या वहीत दलाल नावे, दलालाच्या वहीत ते जमा. गेल्या शनिवारी 17 रुपये 70 पैशांचा फरक आला, तो कशाचा ते त्यांनी न विचारता सांगितले.