भाव बांधा, पण कुठल्या मालाचा?



आज एका दुकानदाराची गोष्ट सांगतो. गोष्ट आणि तिच्यातले हिशोबाचे आकडे समजावण्यासाठी मी रचलेत. गाव मात्र खरं आहे: वरुड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट, संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जाणारं.

आपल्या भाऊचं रस्त्यावर दुकान. एका बाजूला संत्र्याच्या ज्यूसचा काउंटर, दुसऱ्या बाजूला किलोने संत्री. ज्यूसचा ग्लास 30 रुपयांना. एका किलोत दोन ग्लास निघतात, म्हणजे किलोमागे 60 रुपये गल्ल्यात. साखर, बर्फ, वीज, पोऱ्याचा पगार आणि खराब निघणारं फळ धरून किलोमागे 20 रुपये खर्च. उरले 40. संत्री 40 रुपयांपेक्षा स्वस्त मिळाली तर कमाई, महाग मिळाली तर नुकसान. इतका सरळ धंदा.

पहिल्या वर्षी अंबिया बहारात फळगळ झाली, माल कमी आला आणि भाव 44 वर गेला. ग्लासचा भाव वाढवावा, तर 30 रुपयांचा बोर्ड सगळ्यांच्या नजरेत बसलेला. ग्लास 35 चा केला की गिऱ्हाईक पुढच्या काउंटरवर. भाऊने अख्खा हंगाम किलोमागे चार रुपये घरचे घालून ज्यूस विकला.

पुढच्या ऑगस्टमध्ये तो ओळखीच्या एका बागायतदार काकांकडे गेला. फळ तेव्हा झाडावर हिरवंच होतं. आपल्याकडे व्यापारी बाग पाहून उक्ता सौदा करतात हे तुम्हाला माहीत आहेच. पूर्ण बाग एका रकमेत, पुढे फळ गळालं तर व्यापाऱ्याचं नशीब. भाऊला बाग नको होती. त्याने फक्त किलोचा भाव मागितला: दोन टन माल, 25 रुपये किलो, नोव्हेंबरपासून तोडा होईल तसा.

दोन टनच का? त्याने जुनी वही काढली होती. सगळ्यात मंद दिवशीही 50 ग्लास जातात, म्हणजे 25 किलो. हंगाम 80 दिवसांचा. झाले 2,000 किलो. बरे दिवस असतात तेव्हा यापेक्षा जास्त लागतं, पण ते त्याने बांधलं नाही. थंडी वाढली की ज्यूस कमी खपतो आणि संत्रं महिनोन्‌महिने पोत्यात ठेवता येत नाही. जेवढं नक्की खपणार तेवढंच बांधायचं, वरचं बाजारातून.

काका तयार झाले, कारण ज्यूसला मोठं देखणं फळ लागत नाही. बाजारात कमी भाव मिळणाऱ्या बारीक फळाला त्यांना पक्कं गिऱ्हाईक मिळालं. 50,000 चा सौदा, 10,000 इसार. कागदावर चार ओळी लिहिल्या: किती किलो, केवढं फळ, तोडणी कोणाची, वजन कुठल्या काट्यावर. यालाच हेजिंग म्हणतात. हेज म्हणजे कुंपण. कुंपणाने पीक वाढत नाही, फक्त ढोरं आत शिरत नाहीत.

त्या हंगामात तशाच मालाचा बाजारभाव 36 झाला. काका म्हणाले, "भाऊ, बजारात छत्तीस चालू हाये. पण जबान देल्ली, माल तुलेच देतो." भाऊचे किलोमागे 11 रुपये, म्हणजे 22,000 वाचले.

इथे एक बारीक गोष्ट बघा. इसार 10,000 चा होता आणि सौदा मोडून काकांना 22,000 जास्त मिळाले असते. म्हणजे इसाराने सौदा टिकला नाही, काकांच्या शब्दाने टिकला. समोरचा नवीन माणूस असेल तर हा धोका आधीच मोजा. चिठ्ठीत लिहून ठेवा की बाजार अमुक भावाच्या वर गेला तर वरची रक्कम दोघांनी अर्धी अर्धी वाटून घ्यायची. थोडा फायदा सुटेल, पण माल येईल.

खरा धडा तिसऱ्या वर्षी मिळाला. मागच्या 22,000 ची चटक लागली होती. भाऊने ज्यूसचे दोन टन तर बांधलेच, वर किलोने विकायच्या संत्र्याचेही तीन टन 25 च्याच भावाने बांधले. आणि बाजार 14 वर आला.

असं होऊ शकतं हे आपल्या पट्ट्याला वेगळं सांगायला नको. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 ला तिथलं आयात शुल्क किलोला 20 टका होतं, 2023 ला ते 88 टका झालं. तिकडे जाणारा माल इथेच अडकला आणि भाव पडले. बागेत उभं राहून असा निर्णय कोणालाच आधी दिसत नाही.

आता भाऊचा हिशोब बघा. ज्यूसमध्ये 60 वजा 20 वजा 25, किलोमागे 15 रुपये. दोन टनांवर 30,000. ऑगस्टमध्ये वहीत लिहिले होते तेवढेच. बाजारातून घेतलं असतं तर अजून 22,000 सुटले असते, हे खरं. पण मागच्या वर्षी वाचले होते तेही 22,000 च. दोन वर्षांची बेरीज शून्य. हेजिंगमधून नफा काढायचा नसतो. 44 च्या वर्षाने दुकान बसू नये म्हणून ते करायचं असतं.

किलोच्या संत्र्याचं मात्र उलटं झालं. समोरचा गाडीवाला 14 ने घेऊन 22 ने विकत होता. भाऊला 25 चं फळ 22 नेच द्यावं लागलं. तीन टनांवर 9,000 गेले, शिवाय मेहनत फुकट.

भाव तोच, काका तेच, हंगाम तोच. मग एकीकडे कुंपण आणि दुसरीकडे खड्डा का? ज्यूसचा विक्रीभाव बोर्डावर ठरलेला आहे. तिथे फक्त खरेदीचा भाव हलतो, तो बांधला की धोका संपतो. किलोच्या संत्र्यात खरेदी आणि विक्री दोन्ही बाजारासोबत हलतात, आठ रुपयांचं अंतर बहुतेक तसंच राहतं. तिथे एकच टोक बांधलं तर नसलेला धोका आपणच तयार करतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या मालाचा विक्रीभाव तुम्ही आधीच देऊन बसलात, फक्त त्याचाच खरेदीभाव बांधा. मेन्यूकार्ड छापलेली खानावळ, लग्नाची ऑर्डर घेतलेला केटरर, वर्षभराचा डबा ठरवलेली ताई, यांनी जरूर बांधावा. रोजच्या भावाने घेऊन रोजच्या भावाने विकणाऱ्याने हात आखडता घ्यावा. "भाव वाढणारच आहे" म्हणून बांधणं ही निव्वळ सट्टेबाजी, मग चिठ्ठी कितीही नीट लिहा.

न्यूयॉर्कला गोठवलेल्या संत्रा रसाचे वायदे 1966 पासून चालतात. आपल्या संत्र्याला असा वायदेबाजार नाही. आपला वायदा म्हणजे ती चार ओळींची चिठ्ठी आणि काकांचा शब्द.

चौथ्या वर्षी भाऊ पुन्हा काकांकडे गेला. काकांनी विचारलं, "किती लिहू, पाच टन?"

"नाही काका, दोनच. जेवढं बोर्डावर लिहिलं तेवढंच."